एकाच हीटमॅपवरून प्रत्येकाची गळती वेगळी का येते, आणि सर्वांत कच्ची तुकडी कशी ओळखायची

तक्रार जवळपास दर महिन्याला येते आणि तिचं रूपही ठरलेलं असतं. कुणीतरी ग्राहक टिकण्याच्या हीटमॅपचा, म्हणजे टक्क्यांच्या रंगीत तक्त्याचा, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. तिघंजण तो बघून महिन्याची गळती, म्हणजे आधीच्या महिन्यातले किती टक्के ग्राहक सुटले ते, काढतात आणि तिघांची तीन उत्तरं येतात. मग चर्चा आकड्यांवरून घसरून दोष कुणाचा यावर जाते. खरं तर चित्रात काही चुकलेलं नसतं. ते कोणत्या दिशेने वाचायचं, एवढंच ठरलेलं नसतं.

सोलापुरातल्या एका घरगुती व्यवसायाचं उदाहरण घेतो. नाव देत नाही आणि हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि काळा मसाला यांचं महिन्याचं पार्सल ते पुण्या-मुंबईतल्या सोलापूरकरांना पाठवतात. ग्राहकाने ज्या तारखेला नाव नोंदवलं, त्याच तारखेला दर महिन्याला पैसे भरायचे आणि पैसे आले की पार्सल निघतं. ही सेवा जानेवारीत गड्डा यात्रेतल्या स्टॉलपासून सुरू झाली, त्यामुळे त्याआधीचा एकही ग्राहक नाही. पुढचा स्क्रीनशॉट ९ जूनला घेतलेला आहे. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक तुकडी, एकाच महिन्यात नाव नोंदवलेल्या ग्राहकांची.

| नोंदणीचा महिना | ग्राहक | महिना ० | महिना १ | महिना २ | महिना ३ | महिना ४ | महिना ५ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | २४० | १००% | ५०% | ४०% | ३५% | ३०% | ११% |
| फेब्रुवारी | ८० | १००% | ७५% | ६५% | ६०% | २५% | |
| मार्च | १०० | १००% | ७८% | ६९% | २४% | | |
| एप्रिल | १२० | १००% | ७०% | २८% | | | |
| मे | १५० | १००% | ३०% | | | | |
| जून | ४० | १००% | | | | | |

यावरून थोरल्या भावांनी गळती १२ टक्के सांगितली, वहिनींनी ३९ आणि हिशेब बघणाऱ्या मुलाने ६५. वहिनींचा निष्कर्षही तयार होता: "मे महिन्याची गिऱ्हाइकं सगळ्यात कच्ची. उन्हात पार्सलातल्या चटणीला वास आला असणार." सोलापुरातला मे ज्याने काढला आहे त्याला हे पटकन पटतं. म्हणूनच ते तपासून घ्यायला हवं.

आधी शेवटची तिरकी रांग बाजूला काढा

एका चौकटीचा अर्थ असा: त्या महिन्यात नाव नोंदवलेल्यांपैकी किती टक्के लोकांचं पार्सल इतक्या महिन्यांनंतरच्या महिन्यात गेलं. फेब्रुवारीच्या ओळीत 'महिना ३' खाली ६० आहे, म्हणजे फेब्रुवारीतल्या ८० जणांपैकी ६० टक्क्यांचं पार्सल मेमध्ये गेलं. कोणती चौकट कोणत्या महिन्याची हे शोधायला सोपी बेरीज पुरते. नोंदणीच्या महिन्याचा क्रमांक आणि रकान्याचा आकडा मिळवा. फेब्रुवारी २ आणि रकाना ३ मिळून ५, म्हणजे मे. काही सॉफ्टवेअर रकाने शून्याऐवजी एकपासून मोजतात, तिथे या बेरजेतून एक वजा करायचा. ज्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १००% आहे तो नोंदणीचा महिना, हे पाहिलं की मोजणी कुठून सुरू झाली ते कळतं.

आता ही बेरीज ६ येणाऱ्या चौकटी पाहा: जानेवारीची ११, फेब्रुवारीची २५, मार्चची २४, एप्रिलची २८, मेची ३०. या सगळ्या जूनच्या आहेत आणि स्क्रीनशॉट ९ जूनचा आहे. ज्याची पैसे भरायची तारीख २० आहे, त्याला या चित्राने गेलेला धरलं आहे. त्याची तारीख अजून आलेलीच नाही. प्रत्येक ओळ शेवटच्या चौकटीत एकदम कोसळते, मग ती तुकडी जुनी असो की नवी, ही अपुऱ्या महिन्याची खूण. खरी पडझड असती तर ती सगळ्या वयाच्या तुकड्यांत एकाच वेळी इतकी सारखी दिसली नसती. दिसलीच, तर आधी पैसे जमा करणारी यंत्रणा बंद पडली आहे का ते बघा.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्क्रीनशॉटची तारीख विचारणं. ती माहीत नसेल तर शेवटची तिरकी रांग बाद धरा. हिशेब बघणाऱ्या मुलाचे ६५ टक्के याच रांगेतून आले होते. मेमध्ये चालू असलेले ४२३ ग्राहक त्याने जूनच्या नऊ दिवसांत आलेल्या १४९ शी ताडून पाहिले.

टक्क्यांची माणसं करा

जूनची रांग काढली की पूर्ण झालेला शेवटचा महिना उरतो मे. मेची गळती म्हणजे एप्रिलमध्ये चालू असलेल्या ग्राहकांपैकी किती जणांनी मेमध्ये पार्सल घेतलं नाही. ग्राहक म्हणजे माणसं, आणि २४० च्या तुकडीतला एक टक्का ८० च्या तुकडीतल्या एका टक्क्याच्या तिप्पट असतो. म्हणून आधी प्रत्येक टक्क्याला तुकडीच्या संख्येने गुणायचं.

एप्रिलमध्ये चालू असलेले लोक (बेरीज ४): जानेवारीच्या २४० चे ३५ टक्के म्हणजे ८४, फेब्रुवारीच्या ८० चे ६५ टक्के म्हणजे ५२, मार्चच्या १०० चे ७८ टक्के म्हणजे ७८ आणि एप्रिलमध्येच आलेले १२०. एकूण ३३४.

यांच्यापैकी मेमध्ये राहिलेले (बेरीज ५): ७२, ४८, ६९ आणि ८४. एकूण २७३. मेमध्ये नव्याने आलेले १५० यात धरायचे नाहीत. ते एप्रिलमध्ये नव्हतेच, त्यामुळे गळण्याचा प्रश्न येत नाही. त्यांना आत घेतलं तर गळती कागदावर नाहीशी होते आणि नवी नोंदणी जोरात चालू असताना हे हमखास घडतं.

३३४ मधून २७३ गेले की ६१ उरतात. ६१ भागिले ३३४ म्हणजे १८.३ टक्के. ही मे महिन्याची गळती.

शीटमध्ये करायचं असेल तर तुकडीचं नाव A मध्ये, ग्राहकसंख्या B मध्ये आणि महिना ० पासूनचे टक्के C पासून पुढे भरा. जानेवारी दुसऱ्या ओळीत आला तर मेचं सूत्र असं होतं:

```
=1-(B2*G2+B3*F3+B4*E4+B5*D5)/(B2*F2+B3*E3+B4*D4+B5*C5)
```

अंशात आणि छेदात प्रत्येक ओळीची शेजारशेजारची चौकट आहे आणि खालच्या ओळीत जाताना रकाना एक घर डावीकडे सरकतो. चित्रात ही रांग डावीकडून वर उजवीकडे तिरकी चढते. डोळ्यांना ती सहज दिसत नाही, कारण आपण आडवं किंवा उभं वाचायला सरावलेलो आहोत.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायला एक पक्की जागा आहे. मेमध्ये राहिलेले २७३ आणि नवे १५० मिळून ४२३ होतात. कुरिअरच्या वहीत मे महिन्याची ४२३ च्या आसपास पार्सलं असायला हवीत. चित्रातले टक्के पूर्णांकात गोल केलेले असतात, त्यामुळे २४० च्या तुकडीत एकेका चौकटीमागे माणूसभर फरक पडू शकतो. दोनचार पार्सलांचा फरक सोडून द्या, पण चाळीसचा निघाला तर एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या चित्रात ६० आणि ८० सारखे दिसतात. फेब्रुवारीच्या ओळीत ६५ नंतर ८० वाचलं गेलं, तर थांबा. सोडून गेलेले पंधरा टक्के लोक एका महिन्यात परत येणं फार विरळा. याच गोलाईमुळे उत्तर सांगताना "सुमारे १८ टक्के" म्हणावं. दशांशाची ऐट या चित्राला पेलत नाही.

बाकीची उत्तरं कुठून आली

थोरल्या भावांनी तिरकी रांग बरोबर पकडली होती, पण त्यांनी टक्क्यांतून टक्के वजा केले. ३५ चे ३० झाले म्हणून ५, ६५ चे ६० म्हणून ५, ७८ चे ६९ म्हणून ९ आणि १०० चे ७० म्हणून ३०. सरासरी १२. यात घोटाळा असा की ३५ चे ३० होणं म्हणजे पाच टक्के गळती नव्हे. एप्रिलमध्ये उरलेल्या ८४ पैकी १२ जण गेले, म्हणजे १४ टक्के. तुकडी जितकी जुनी तितकी ही वजाबाकी गळती कमी दाखवते, कारण ती अजूनही मूळ २४० लाच भागत असते. धंदा जुना होत जाईल तशी या पद्धतीने गळती आपोआप सुधारताना दिसेल आणि प्रत्यक्षात काहीच सुधारलेलं नसेल.

भागाकार नीट केला तरी चार तुकड्यांचे १४, ८, १२ आणि ३० यांची साधी सरासरी काढली की १६ येते. ५२ माणसांच्या फेब्रुवारीला आणि १२० माणसांच्या एप्रिलला तिथे सारखंच वजन मिळतं.

वहिनींचे ३९ टक्के 'महिना १' या उभ्या रकान्याचे आहेत. त्या रकान्याची सरासरी ६१ टक्के टिकले अशी येते, म्हणून ३९ गेले. हा प्रश्नच वेगळा आहे: नवा ग्राहक पहिल्या महिन्यानंतर किती टिकतो? प्रश्न फार उपयोगाचा आहे, पण त्यात जानेवारीपासूनचे सगळे महिने मिसळलेले आहेत आणि मेचे अपुरे ३० टक्केही. त्याला महिन्याची गळती म्हणता येत नाही.

गळती वाढली म्हणजे काय झालं

याच रीतीने एप्रिलची गळती काढली तर २५६ पैकी ४२ गेले, म्हणजे १६.४ टक्के. म्हणजे एप्रिल ते मे गळती १६ वरून १८ वर गेली. इथे घाबरण्याआधी त्या ६१ जणांना दोन ढिगांत टाका. ३६ जण एप्रिलचे नवे, पहिल्याच महिन्यात गेलेले. उरलेले २५ जुने, म्हणजे जुन्या २१४ पैकी सुमारे ११.७ टक्के. एप्रिलमध्ये जुन्यांची गळती १५६ पैकी २०, म्हणजे १२.८ टक्के होती. जुने ग्राहक मेमध्ये किंचित जास्तच टिकले. एकूण आकडा चढला तो नव्यांमुळे: मार्चच्या नव्यांपैकी २२ टक्के पहिल्याच महिन्यात गेले होते, एप्रिलच्या नव्यांपैकी ३० टक्के गेले, आणि नव्यांतली गळती नेहमीच जुन्यांपेक्षा मोठी असते. महिन्याची गळती एकाच आकड्यात सांगायची असेल तर सांगा, पण नवे आणि जुने असे दोन आकडे सोबत ठेवा. नाहीतर ज्या महिन्यात विक्री चांगली झाली, त्याच्या पुढच्या महिन्यात घरात नाहक वाद होतो.

कच्ची तुकडी शोधताना रंगावर जाऊ नका

आता वहिनींच्या मेकडे येऊ. स्क्रीनशॉटमध्ये मेची ३० टक्क्यांची चौकट लाल होती आणि तिच्या वरच्या एप्रिलच्या ७० टक्क्यांची हिरवी. शीटमधली रंगपट्टी साधारणपणे निवडलेल्या भागातला सर्वांत लहान आकडा लाल आणि सर्वांत मोठा हिरवा करते. इथे सर्वांत लहान आकडा होता ११, तोही अपुऱ्या जूनचा. त्या ११ ने लाल रंगाचं टोक अडवून ठेवलं, म्हणून जानेवारीच्या ओळीतले ५०, ४० आणि ३५ पिवळ्या-नारिंगीत लपले. जूनची तिरकी रांग पुसून रंग पुन्हा भरले की सर्वांत लहान आकडा ३० होतो आणि जानेवारीची सगळी ओळ लालीकडे झुकते. चित्र तेच, फक्त अर्धवट आकडे काढले.

तुकड्यांची तुलना सारख्या वयात करायची, म्हणजे उभ्या रकान्यात. जानेवारीच्या चौथ्या महिन्यातले ३० टक्के आणि मार्चच्या दुसऱ्या महिन्यातले ६९ टक्के शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण जुनी तुकडी नेहमीच जास्त झिजलेली असते. 'महिना १' मध्ये जानेवारी ५०, फेब्रुवारी ७५, मार्च ७८, एप्रिल ७०. 'महिना २' मध्ये ४०, ६५, ६९. 'महिना ३' मध्ये ३५ आणि ६०. तिन्ही रकान्यांत जानेवारी तळाला आहे.

ती फक्त पहिल्या धक्क्यात पडली की नंतरही गळत राहिली, हेही बघायला हवं. पहिल्या महिन्यानंतर उरलेल्या १२० पैकी २४ पुढच्याच महिन्यात गेले, म्हणजे २० टक्के. फेब्रुवारीत त्याच टप्प्यावर ६० पैकी ८ गेले, म्हणजे १३ टक्के. त्यापुढच्या टप्प्यात जानेवारीचे १२.५ आणि फेब्रुवारीचे ७.७. उरलेल्या लोकांतही जानेवारीची वीण सैलच आहे.

एप्रिलचे ७० टक्के मार्चच्या ७८ पेक्षा कमी आहेत, मग तीही तुकडी कच्ची म्हणायची का? इथे संख्येचा विचार करावा लागतो. शंभरेक माणसांच्या दोन तुकड्यांत आठ टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. अंदाज घ्यायचं सूत्र असं, यात p म्हणजे टिकलेल्यांचं प्रमाण आणि n म्हणजे तुकडीची संख्या:

```
=SQRT(p1*(1-p1)/n1 + p2*(1-p2)/n2)
```

मार्च-एप्रिलसाठी हे सुमारे ६ टक्के येतं. फरक याच्या दुपटीच्या आत असेल तर निकाल देऊ नये. इथे तो ८ आहे, म्हणजे दुपटीच्या आतच. जानेवारी-फेब्रुवारीसाठीही सूत्र ६ च देतं, पण तिथला फरक २५ आहे, चौपटीहून जास्त. जानेवारी कच्ची हे ठामपणे म्हणता येतं आणि एप्रिलबद्दल थांबून बघावं लागतं.

मेबद्दल चित्र काहीच सांगू शकत नव्हतं, म्हणून नोंदवही काढली. १ ते ९ मेच्या दरम्यान ५८ जणांनी नाव नोंदवलं होतं आणि ९ जूनपर्यंत तारीख आलेले तेवढेच होते. त्यातल्या ४५ जणांनी पैसे भरले होते. हे ७८ टक्के होतात, म्हणजे मार्चच्या बरोबरीने. चटणीला वास आला असता तर तो आधी इथे दिसला असता. वहिनींनी ते आकडे स्वतः मोजून पाहिले आणि मगच मान्य केलं. ते योग्यच झालं, कारण उन्हाळ्यातला माल त्या हाताळतात आणि त्यांची शंका नुसत्या टक्क्याने मिटायला नको. उरलेल्या ९२ जणांचा निकाल जून संपल्यावर लागेल, तोवर मेला पास किंवा नापास करू नये.

जानेवारी कच्ची का, याचं उत्तरही हीटमॅपमध्ये नाही. तिथून पुढे नोंदणी कुठून आली हे बघावं लागतं. २४० पैकी १६५ जण गड्डा यात्रेतल्या स्टॉलवरचे होते, पहिल्या पार्सलला निम्मी किंमत देऊन आलेले. त्यातले ६४ पुढच्या महिन्यात राहिले, म्हणजे ३९ टक्के. बाकीचे ७५ जण फोनवर किंवा ओळखीतून आले होते आणि त्यांतले ५६ राहिले, म्हणजे ७५ टक्के. फेब्रुवारीचा आकडाही नेमका तेवढाच आहे. म्हणजे कच्चा होता तो स्टॉलवरचा निम्म्या किमतीचा ग्राहक, आणि जानेवारीत तो जास्त होता म्हणून अख्खी ओळ खाली आली. यात्रेची गर्दी, निम्मी किंमत की सोलापुरातच राहणारा माणूस ज्याला भाकरी पार्सलने लागतच नाही, यातलं नेमकं कारण कोणतं ते या दोन ढिगांवरून कळत नाही. त्यासाठी स्टॉलवरच्या १६५ जणांचे पत्ते बघावे लागतील.

हे चित्र कुठे अपुरं पडतं

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे सोडून परत येणारे. मार्चच्या तुकडीत ७८ चे ६९ झाले, म्हणजे नऊ गेले असं आपण धरलं. पण बारा जाऊन तिघं परत आले असतील तरी चौकट हीच दिसेल. गणपतीत गावी जाणारे किंवा परीक्षेनंतर घरी जाणारे विद्यार्थी महिनाभर पार्सल थांबवत असतील, तर स्क्रीनशॉटवरून निघणारी गळती खऱ्यापेक्षा कमी असते. ओळीत एखादा आकडा आधीच्यापेक्षा थोडा वर गेलेला दिसला, तर असे लोक आहेत हे नक्की. मग हिशेब ग्राहकांच्या यादीवरूनच करावा लागतो.

दुसरी गोष्ट चित्राबाहेर राहिलेल्यांची. इथे सेवा जानेवारीतच सुरू झाल्यामुळे सगळे ग्राहक चित्रात आहेत. पण बरीच सॉफ्टवेअर फक्त शेवटच्या सहा किंवा बारा तुकड्या दाखवतात. त्यामागचे जुने, मुरलेले ग्राहक बाहेर राहतात आणि ते सहसा कमी गळतात, म्हणून चित्रावरून काढलेली गळती खऱ्या एकूण गळतीपेक्षा जास्त येते. ओळखायचं कसं, तर तीच कुरिअरची वही उघडायची: महिन्याची पार्सलं चित्रातल्या बेरजेपेक्षा बरीच जास्त निघाली, तर मागच्या तुकड्या कापल्या गेल्या आहेत आणि स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याकडून पूर्ण काळाचं चित्र मागवावं लागेल.

पुढच्या वेळी स्क्रीनशॉट मागताना त्यावर घेतल्याची तारीख, तुकडीची ग्राहकसंख्या असलेला रकाना आणि "चालू ग्राहक" कुणाला धरलं आहे याची एक ओळ, एवढं असू द्या. ग्राहकसंख्येचा रकाना कापलेला असेल तर महिन्याची गळती काढायला बसू नका. त्या चित्रावरून तुकड्यांची उभी तुलना तेवढी होते.